हाकेतलं एक आखूड अक्षर

‘कांदाबटाटाऽऽ’ असं एकदा मोठ्याने म्हणून पाहा. मग शाळेत वृत्त ओळखताना मात्रा मोजायचो, तशा मोजा. कां दोन, दा दोन, ब एक, टा दोन, टा दोन. पाच अक्षरांत चार गुरू आणि बरोबर मधोमध एक लघु. हातगाडीवाल्याची ही हाक कानात अडकून बसते त्याला कारण तो एकटा ‘ब’ आहे. तो एका मात्रेने आखूड आहे, म्हणून त्याच्या पुढचे दोन्ही ‘टा’ ठेक्यापासून जरा सरकतात. नाचावंसं वाटतं ते या सरकण्यामुळे.

शहरावरचं एखादं खेळकर गाणं रचायचं आणि त्याचा हुक, म्हणजे ऐकणाऱ्याच्या तोंडात बसणारा तो छोटा तुकडा, फेरीवाल्यांच्या हाकांमधून काढायचा, हा उद्योग फार मजेचा आहे. मजा अशी की त्यातलं अर्धं काम आधीच झालेलं असतं. फेरीवाल्याने ती हाक वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत केलेली असते. आपल्याला फक्त तिच्यात काय काय दडलंय ते ओळखायचं असतं, आणि जे ओळखलं ते बिघडू द्यायचं नसतं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

आधी हाक आणि गाणं यांच्यात अंतर तरी किती, ते पाहू. डायना डॉइच या संगीत-मानसशास्त्रज्ञ 1995 मध्ये एका सीडीसाठी स्वतःच्याच आवाजातलं निवेदन संपादित करत होत्या. वाक्यातला चार शब्दांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहील असा लावून त्या दुसऱ्या कामाला लागल्या. थोड्या वेळाने त्यांना वाटलं, खोलीत कुणीतरी गातंय. आवाज त्यांचाच होता, ध्वनिमुद्रणात काडीचाही बदल नव्हता. तुकडा केवळ परत परत ऐकल्यामुळे बोलण्याचं गाणं झालं होतं. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर याचा रीतसर प्रयोग केला आणि 2011 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात एक बारकावा निघाला, आपल्या कामाचा. तुकडा जसाच्या तसा परत आला तरच तो गाणं होतो. दर वेळी त्याची पट्टी थोडी वरखाली केली किंवा अक्षरांचा क्रम बदलला, तर ऐकणाऱ्याला तो बोलणंच वाटत राहतो.

गल्लीत शिरलेला भाजीवाला काय करतो ते आता आठवा. तीच हाक, त्याच सुरात, तेवढ्याच लांबीची, दर दहा-पंधरा पावलांनी. प्रयोगात जी अट सापडली ती तो रोज सकाळी पाळत असतो. त्यामुळे गाणं करणाऱ्यासाठी पहिला नियम इथूनच मिळतो: हुक पहिल्या तीन-चार वेळा तंतोतंत तसाच यायला हवा. हरकती, तानबाजी, दुसऱ्यांदा वेगळा शब्द, हे सगळं नंतर. संगीतकाराला पहिल्याच फेरीत नटवायची घाई असते आणि त्या घाईत हाक पुन्हा बोलणं होऊन बसते.

हाकेचं गाणं करण्याची हौस जुनी आहे. पॅरिसच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या क्लेमां जानकँ याने सोळाव्या शतकात चार आवाजांच्या गाण्यात गुंफल्या. लंडनच्या आरोळ्या ऑर्लँडो गिबन्सने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला घेतल्या, आणि त्याने केलेली युक्ती मला आजही थक्क करते. मासे, फळं, शाया असल्या आरोळ्यांच्या गदारोळाखाली त्याने चर्चमधली एक जुनी, संथ चाल ठेवली. खाली स्वर शांतपणे सरकतात आणि वर बाजार भरतो. खाली ते स्थिर काहीतरी आहे म्हणून वरचा गोंधळ गोंगाट वाटत नाही. आपल्याकडे हे काम तंबोरा करतो.

पण खऱ्या अर्थाने जग हलवलं ते क्यूबातल्या शेंगदाणेवाल्याने. तिथे फेरीवाल्याच्या आरोळीवर गाणी बांधायचा स्वतंत्र प्रकारच आहे. मोइसेस सिमोन्सने शेंगदाणेवाल्याच्या हाकेवर ‘एल मानिसेरो’ हे गाणं रचलं. 1930 मध्ये डॉन अस्पियासूच्या वाद्यवृंदाने ते न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि अमेरिकेत क्यूबन संगीताची लाट आली. त्या गाण्याचा हुक म्हणजे ‘मानीऽऽ’, शेंगदाणे, एवढंच. दोन अक्षरं आणि दुसरं लांब. आपल्या हिंदी चित्रपटांनीही हे ओळखलं होतं. ‘प्यासा’मध्ये (1957) जॉनी वॉकरवर चित्रित झालेलं तेलमालिशवाल्याचं गाणं सचिनदेव बर्मन यांच्या संगीतातलं, त्याचं दारच मालिशवाल्याच्या हाकेचं आहे.

या सगळ्या हाका अशाच का असतात, शेवटचं अक्षर लांब, आवाज नाकातून आणि शब्द अर्धवट? याचं उत्तर रस्त्यात आहे. वाहनांचा आवाज बराचसा खालच्या पट्टीतला असतो, घरघर आणि गुरगुर. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो सेकंदाला साधारण दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात. फेरीवाला गळा आवळून, थोडा नाकात आवाज काढतो तेव्हा आवाजाचा जोर नेमका त्या पट्ट्यात जातो. त्यामुळे तो ओरडून ट्रकच्या वर जात नाही, ट्रक जिथे नाही तिथून वाट काढतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. उन्हातान्हात दिवसभर हाका मारून संध्याकाळी घसा शाबूत ठेवायचा, तर आवाज आपसूक तिथे जातो.

व्यंजनांचं नशीब वेगळं. क, ट, त, प हे क्षणभराचे धक्के असतात, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत ते पोचेपर्यंत विरून जातात. स्वर मात्र लांबवता येतो आणि लांबवला की पोचतो. म्हणून वरच्या खिडकीत उभ्या असलेल्या बाईला शब्द कळत नाहीत, तरी ‘आपला रद्दीवाला’ आणि ‘तो दुसरा’ यांतला फरक अचूक कळतो. तिला ओळखू येतो तो हाकेचा आकार: कुठे चढली, कुठे लांबली, कुठे तुटली. गाण्यासाठी आपल्याला हाच आकार हवा असतो. शब्द स्पष्ट करायला गेलं, ‘भंगार, रद्दी, जुने पेपर’ असं आकाशवाणीच्या निवेदकासारखं म्हटलं, की हाताशी उरते ती वस्तूंची यादी.

आता प्रत्यक्ष एक हुक बांधू. माल तीन हातगाड्यांचा: कांदेबटाटेवाला, लसूण-कोथिंबीरवाली आणि लिंबूवाला. ताल केरवा, आठ मात्रांचा, सगळ्यांच्या ओळखीचा. लय मिनिटाला 96 मात्रा. या लयीत आठ मात्रांचं एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांत संपतं. प्रत्येक मात्रेची चार घरं पाडू, म्हणजे आवर्तनात बत्तीस घरं झाली. एक घर सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याहून थोडं कमी आणि भरभर बोलताना आपलं एक लघु अक्षर साधारण तेवढाच वेळ घेतं. म्हणून ही लय निवडली. यापेक्षा फार हळू गेलं तर हाक रेंगाळते, फार जलद गेलं तर ‘ब’ गिळला जातो.

हाकेला तिच्याच मात्रांनी या घरांत बसवलं, लघुला एक घर आणि गुरूला दोन, की असं दिसतं (ऽ म्हणजे लांबवणं, ठिपका म्हणजे विसावा):

कां ऽ दा ऽ | ब टा ऽ टा | ऽ ऽ ऽ ऽ | ऽ · · ल
सू ऽ ऽ ऽ | ऽ ण · · | को ऽ ऽ थिं | ऽ ऽ बी र

पहिली ओळ बोट धरून वाचा. ‘कां’ समेवर पडतो. ‘ब’ दुसऱ्या मात्रेच्या ठोक्यावर पडतो. सगळ्यात आखूड, सगळ्यात कमी जोराचं अक्षर ठोक्यावर बसलं आणि वजनदार ‘टा’ त्याच्या मागून एक घर चुकून आला. मग दुसरा ‘टा’, जो लांबायचा आहे, तो आठव्या घरात येतो. तिसऱ्या मात्रेचा ठोका नवव्या घरात आहे. म्हणजे हाकेतलं सगळ्यात मोठं अक्षर ठोक्याच्या एक घर आधीच सुरू होतं आणि ठोका पडतो तेव्हा ते हवेत असतं. जाझवाले ज्यासाठी तालमी करतात ते मराठीच्या ऱ्हस्वदीर्घाने आपोआप करून दिलं.

हे बरोबर जमलं की नाही ते ओळखायची सोपी परीक्षा आहे. मात्रांवर टाळ्या वाजवत हाक म्हणा. शेवटचा ‘टा’ टाळीच्या किंचित आधी सुटला पाहिजे. ‘टा’ आणि टाळी एकत्र पडत असतील, तर तुम्ही नकळत ‘ब’ लांबवून सगळं सरळ केलंय. दहापैकी बरेच जण पहिल्यांदा सरळच करतात, विशेषतः ज्यांना तालाची तालीम आहे ते. हातगाडी ढकलत चालणारा माणूस पावलांच्या ठेक्यावर म्हणतो आणि सहज वाकडं म्हणतो.

दुसऱ्या ओळीत ‘लसूण’ आहे. त्यातला ‘ल’ लघु, ‘सू’ गुरू. लघुला ठोक्यावर बसवलं असतं तर ‘बटाटा’चीच नक्कल झाली असती. म्हणून ‘ल’ आदल्या ओळीच्या शेवटच्या घरात ढकलला आणि ‘सू’ पाचव्या मात्रेवर उतरवला. केरव्यात पाचवी मात्रा म्हणजे खाली. ठेक्याचे बोल म्हणून पाहा: धा गे न ती, न क धि न. चौथ्या मात्रेपासून सहाव्या मात्रेपर्यंत डग्ग्याची घुमारी थांबलेली असते. तबल्याचा तळ रिकामा असतो त्याच वेळी ‘सूऽऽ’ लांबतो, आणि ऐकणाऱ्याला त्या रिकाम्या जागेत बाईचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटतो. सातव्या मात्रेवर ‘धि’ने डग्गा परततो, नेमका तिथे ‘कोथिंबीर’चा ‘को’ ठेवलाय.

‘कोथिंबीर’मध्ये मात्र मी हात घातला आहे. तिच्या मात्रा दोन, दोन, दोन आणि शेवटच्या ‘र’ची एक. तशा बसवल्या तर त्या ठोक्यांबरोबर सरळ चालतात आणि ओळ झोपते. म्हणून ‘को’ आणि ‘थिं’ यांना तीन-तीन घरं दिली आणि ‘बीर’ला दोन. तीन-तीन-दोन. ही वाटणी क्यूबन संगीताच्या मुळाशी आहे, शेंगदाणेवाल्याच्या गाण्यात दोन लाकडी दांड्यांवर वाजणाऱ्या ठेक्याचा अर्धा भाग हाच. आपल्या ढोलकवाल्यालाही ती शिकवावी लागत नाही. हाकेला धक्का लावायचाच असेल तर तो असा लावावा: अक्षर गाळायचं नाही, नवं घालायचं नाही, फक्त स्वर थोडा ओढायचा. फेरीवालेही एवढी मोकळीक घेतातच.

या दोन ओळींखाली तिसरी हाक सतत चालू ठेवायची, लिंबूवाल्याची ‘दहाला तीन, दहाला तीन’. तिच्या मात्रा मोजा: द एक, हा दोन, ला दोन, ती दोन, न एक. आठ! काही ओढायला नको, काही कापायला नको. फक्त सुरुवात ‘द’वर करायची नाही. बोलताना जोर ‘हा’वर येतो, म्हणून ‘हा’ ठोक्यावर आणि ‘द’ त्याच्या आधीच्या घरात:

हा ऽ ला ऽ | ती ऽ न द

बत्तीस घरांत हे चारदा येतं. ‘हा’ एका मात्रेवर, ‘ती’ पुढच्या मात्रेवर, अगदी सरळ, भजनातल्या टाळांसारखं. वरची हाक वाकडी आहे हे कळायला खाली कुणीतरी सरळ चालणारं लागतं. आणि आता दोन्ही एकत्र वाचा. लिंबूवाल्याचा ‘द’ आठव्या घरात पडतो, जिथे ‘बटाटा’चा शेवटचा ‘टा’ आहे. पुढचा ‘द’ सोळाव्या घरात, जिथे ‘लसूण’चा ‘ल’ आहे. तिघांचे माल वेगळे, गाड्या वेगळ्या, पण त्यांचे उसळी मारणारे क्षण एकाच जागी येतात. हे कागदावर मांडताना दिसलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं, कारण इतकं जुळणं खरं वाटेना.

घरं ठरली तरी ध्वनिमुद्रण करताना एक खड्डा आहे आणि त्यात बहुतेक जण पडतात. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची लाट दिसते. साहजिकच वाटतं, अक्षर जिथे सुरू होतं ती कड ठोक्याच्या रेघेवर आणून ठेवली की काम झालं. तसं करून ऐका, ‘सू’ हमखास उशिरा आल्यासारखा वाटेल. 1976 मध्ये मॉर्टन, मार्कस आणि फ्रँकिश या तिघा संशोधकांनी याचं कारण उलगडायला घेतलं. त्यांनी बोललेले आकडे बरोबर सारख्या अंतरावर मांडले होते, तरी ऐकणाऱ्यांना ते उडतबागडत आल्यासारखे वाटत होते. अक्षराचा ठोका आपल्याला जाणवतो तो त्याच्या सुरुवातीला नाही, साधारण स्वर फुटतो त्या जागी. ‘टा’मध्ये ‘ट’चा स्फोट झाला की लगेच ‘आ’ येतो, म्हणून तिथे फरक फारसा पडत नाही. ‘सू’मध्ये मात्र ‘स्’ची फुसफुस बराच वेळ, कधी कधी घराच्या निम्म्याहून जास्त वेळ चालते आणि मग ‘ऊ’ येतो. म्हणून ‘सू’ची कड रेघेच्या डावीकडे न्यायची आणि ‘ऊ’ रेघेवर आणायचा.

आणि मग कळतं की ‘ल’ला राहायला जागाच उरली नाही. ‘ल’चं एक घर होतं, त्यातला मोठा भाग ‘स्’ने खाल्ला. उरला फक्त एक निसटता स्पर्श, ‘ल्सूऽऽण’. भाजीवाली तेच तर म्हणते! आपण ज्याला तिचं घाईचं बोलणं समजतो, ते ठोका सांभाळण्यासाठी केलेलं नेमकं काम आहे. तिचं म्हणणं ‘शुद्ध’ करून ‘लसूण’ असं तीन अक्षरांत गायला बसवलेली गायिका म्हणून ठोका चुकवते आणि तो का चुकतो ते स्टुडिओतल्या कुणालाच कळत नाही.

सुराचं काम यामानाने थोडकं आहे. हाका फार सुरांत फिरत नाहीत. एक मुक्कामाचा स्वर, एक उडी, आणि मग घसरण. ‘कांदाब’ षड्जावर, ‘टा’ रिषभावर, शेवटचा ‘टाऽऽ’ गंधारावर आणि विझताना परत षड्जाकडे घसरणारा. ‘ल’ गंधारावर, ‘सू’ पंचमावर उडी मारतो आणि ‘ण’ गुणगुणत गंधारावर येतो. ‘कोथिंबीर’ ग, रे, सा अशी उतरून पुन्हा समेच्या दारात आणून सोडते. चार स्वर, एवढंच. ‘दहाला तीन’ एकाच स्वरावर, जवळजवळ बोलल्यासारखं. घसरण्या मात्र राखायच्या. हल्ली प्रत्येक स्वर आपोआप सरळ करणारी सोय सगळीकडे असते. ती पूर्ण लावली तर ‘टाऽऽ’ची शेपूट कापली जाते आणि हाकेच्या जागी बाजाच्या पेटीची पट्टी दाबल्यासारखा आवाज येतो.

खरी हाक मुद्रित करून वापरायची असेल, तर गाडीवाल्याला आधी सांगून, त्याच्या वेळेचे पैसे देऊन आणि त्याचा आवाज कुठे जाणार ते स्पष्ट करून वापरावी. मग ती जागेवर, रस्त्यातच घ्यावी. बंद खोलीत माणूस हाक मारत नाही, तो हाकेचं सोंग करतो: आवाज खालच्या पट्टीत येतो, गळा सैल पडतो आणि आपण ज्यासाठी आलो तो नाकातला तिखटपणा गायब. फोन त्याच्या तोंडासमोर धरू नये, एक-दीड मीटरवर, थोडा बाजूला धरावा. नंतर सेकंदाला सव्वाशे-दीडशे कंपनांच्या खालचं सगळं छाटून टाकलं की रस्त्याची घरघर बरीच जाते आणि हाकेचं काही बिघडत नाही, कारण हाकेत तिथे काही नसतंच. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने ‘सिटी लाइफ’मध्ये (1995) न्यूयॉर्कच्या एका फेरीवाल्याचे मोजके शब्द असेच मुद्रित करून घेतले आणि वादकांना ते कळफलकावर वाद्यासारखे वाजवायला दिले. रस्त्याचा थोडा गाळ त्या आवाजाला लागलेला आहे, तो त्यांनी धुऊन काढला नाही.

गायकाकडून गाऊन घेणार असाल तर मोठी जोखीम नक्कल होण्याची. उच्चारांची टिंगल, मुद्दाम गावंढळ केलेला आवाज, यांनी गाणं क्षणात स्वस्त होतं. गायकाला माणूस रंगवायला सांगू नये, तीन गोष्टी सांगाव्यात: गळा कुठे आवळायचा, ‘ब’ किती आखूड आणि श्वास कुठे. श्वासाच्या जागा मोजक्या आहेत. पहिल्या ओळीत ‘टाऽऽ’ नंतरची दोन घरं, दुसऱ्या ओळीत ‘ण’ नंतरची दोन. ‘कोथिंबीर’ आणि पुढचा ‘कां’ यांच्यामध्ये एक घरही नाही. संयोजकाला त्या रिकाम्या घरांत घुंगरू किंवा गिटारचा तुकडा कोंबायचा मोह होतो. तिथे काही घातलं की हाक गुदमरते, आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

अंतरा हुकच्या उलट चालीचा हवा. हुकमध्ये अक्षरं कमी आणि स्वर लांब. म्हणून अंतऱ्यात अक्षरं भरपूर, पळती, बोलण्याच्या लयीतली, आणि गोष्ट सांगणारी. खिडकीतून दोरीला टोपली सोडून भाजी घेण्याची आपल्या शहरांतली पद्धत त्यासाठी अगदी चपखल:

तिसऱ्या मजल्यावरून टोपली सुटली,
दोरीला होती गाठ, गाठच तुटली;
खालचा गाडीवाला वर पाहतो,
टोपलीलाच भाव सांगत राहतो

आणि ‘राहतो’ संपता संपता समेवर ‘कांदाबटाटाऽऽ’. गोष्ट ऐन रंगात असताना गाडी येऊन तिला तोडते, शहरात रोज घडतं तसंच. अंतरा किती चांगला आहे यापेक्षा तो कुठे तोडायचा यावर गाण्याचा खेळकरपणा जास्त अवलंबून असतो. गोष्ट पुरी झाल्यावर हुक आणला तर तो शिस्तीत येतो आणि हसू येत नाही.

राहता राहिला शेवट. हा हुक स्वतःहून संपतच नाही, कारण ‘कोथिंबीर’ सतत पुढच्या समेकडे ढकलते आणि ‘दहाला तीन’चा ‘द’ तर मुळातच पुढच्या ठोक्याचा आहे. आवाज हळूहळू कमी करत नेणं ही पळवाट झाली. गाणं ‘बटाटाऽऽ’च्या शेवटच्या ‘टा’वर तोडावं असं मला वाटतं, लिंबूवाल्याच्या ‘द’सकट. तेव्हा सगळी वाद्यंही आठव्या घरातच थांबायला हवीत. नवव्या घरात, जिथे तिसरी मात्रा आहे, तिथे काहीही वाजायला नको. ढोलकवाल्याचा हात सवयीने तिथे पडतोच, आणि तालमीतला सगळ्यात जास्त वेळ ती एक थाप काढून टाकण्यात जातो.